तीन दिवसांनी हुकलेल्या गोळ्या

[दृश्य : स्वयंपाकघरातील ओटा. पितळी डब्याशेजारी औषधाच्या पट्ट्या. बाईंचे हात गोळ्या मोजत आहेत.]

सकाळी नाश्त्यानंतर चार आणि रात्री जेवणानंतर चार. सांगलीच्या या बाई दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या घेतात. औषधाचे नाव आहे कॅपेसिटाबिन. पोटात गेल्यावर शरीर तिचे रूपांतर ज्या द्रव्यात करते, ते रुग्णालयात सलाईनमधून देण्याची पद्धत फार जुनी आहे. म्हणजे ही केमोथेरपीच आहे; फरक इतकाच, की ती घरी, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते.

[दृश्य : फाईलमधील पॅथॉलॉजी अहवाल.]

बाईंना स्तनाचा ट्रिपल निगेटिव्ह प्रकारचा कर्करोग झाला होता. सलाईनमधून केमो झाली, मग शस्त्रक्रिया झाली. पण काढलेल्या भागाच्या तपासणीत कर्करोगाच्या काही पेशी शिल्लक असल्याचे दिसले. अशा रुग्णांना पुढे काही महिने कॅपेसिटाबिन देतात. १४ दिवस गोळ्या, ७ दिवस विश्रांती, असे एक आवर्तन २१ दिवसांचे असते. बाईंना आठ आवर्तने सांगितली आहेत. उंची आणि वजनावरून काढलेले त्यांच्या शरीराचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर आहे; दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम धरून एका वेळची मात्रा २००० मिलिग्रॅम येते. एका आवर्तनाला ११२ गोळ्या, आठ आवर्तनांना ८९६.

[दृश्य : भिंतीवरील कालनिर्णय. बोट तारखांवरून सरकते.]

आता ही दिनदर्शिका पाहा, कारण गोळ्यांचा खर्च विम्यातून मिळण्याचा सारा प्रश्न तिच्यातच आहे. बाईंकडे आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी आहे. तीत रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस त्याच आजारावरील औषधांचा खर्च मिळतो. बाईंच्या रेडिएशनचा शेवटचा दिवस होता १ मार्च, आणि तो डे-केअर, म्हणजे रुग्णालयात मुक्काम न करता एका दिवसात झालेला उपचार, म्हणून मंजूर झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे थांबून २२ मार्चला गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या आवर्तनाची खरेदी १२ एप्रिलची. साठावा दिवस ३० एप्रिल. तिसरे आवर्तन ३ मेला सुरू झाले.

पहिल्या २२४ गोळ्यांचे पैसे मिळाले. उरलेल्या ६७२ गोळ्या तीन दिवसांच्या फरकाने ‘ओपीडीचा खर्च’, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचाराचा खर्च ठरल्या आणि त्यांचे पैसे नाकारले गेले. सगळ्या गोळ्या एप्रिलमध्येच का घेऊन ठेवल्या नाहीत, असे कोणी विचारील. पण या औषधाने तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटतात, जुलाब होतात, रक्तातील पेशी घटतात; त्यामुळे प्रत्येक आवर्तनाआधी तपासणी करूनच पुढची मात्रा ठरते, आणि ती कमीही होऊ शकते. शिवाय मुदतीनंतर पोटात जाणाऱ्या गोळ्यांचे बिल आधीच्या तारखेचे असले, तरी चिठ्ठीवरील दिवस मोजून विमा कंपनी तेवढा भाग वगळू शकते.

[दृश्य : पॉलिसीच्या पुस्तिकेतील पान. एका ओळीवर पेन्सिलची खूण.]

खूण केलेली ओळ ‘ओरल केमोथेरपी’ची आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये बारा आधुनिक उपचारपद्धतींची यादी दिली आणि त्या वगळू नयेत असे कंपन्यांना सांगितले. तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी तीत आहे. आरोग्य संजीवनीतही हे उपचार विमा रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळतात. मात्र त्याच कलमात पुढे अट येते : उपचार रुग्णालयात दाखल होऊन किंवा डे-केअर म्हणून घेतलेला असावा. गोळी गिळायला कोणी दाखल होत नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणारी ही वाक्यरचना कोणाच्या ध्यानात आली नसेल, असे मानणे कठीण आहे.

सलाईन आणि गोळ्या एकत्र चालतात तेव्हा ही अडचण सहसा दिसत नाही. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांनी ऑक्झालिप्लॅटिनचे सलाईन आणि सोबत याच गोळ्या देतात. प्रत्येक सलाईन डे-केअर धरले जाते आणि साठ दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. सलाईन थांबले की मोजणीला पुन्हा आधार उरत नाही.

[दृश्य : टेबलावर पसरलेली बिले, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी.]

बाईंनी आता लेखी हरकत घेतली आहे. डिस्चार्ज कार्डावर पुढील गोळ्यांचा उल्लेख आहे, प्रत्येक आवर्तनाची स्वतंत्र चिठ्ठी आहे, बिलांवर रुग्णाचे नाव आणि बॅच क्रमांक आहेत. गोळ्या याच उपचाराचा ठरलेला पुढचा टप्पा असल्याचे कर्करोगतज्ज्ञांचे पत्रही जोडले आहे. कंपनीने महिन्याभरात उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षभरात तक्रार करता येते. शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. लोकपाल अटीतील शब्द धरतील की उपचाराचे स्वरूप, हे या प्रकरणात अजून ठरायचे आहे.

तिसऱ्या आवर्तनाच्या पैशासाठी बाईंनी पाटल्या मोडल्या.

[दृश्य : रात्रीचे जेवण आटोपले आहे. पट्टीतून चौथी गोळी निघते. पाण्याचा पेला.]

आज पाचव्या आवर्तनाचा नववा दिवस आहे.