डाळ मिलचा हिशेब : आजचा भाव आणि बँकेचा दर

नमस्कार, शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो!

यवतमाळ-अकोल्याकडच्या एखाद्या गावात शेतकरी गट तुरीची डाळ मिल टाकायचा विचार करतो, असं धरू. खर्च 10 लाख, मशीन 10 वर्षं चालेल. भरडाईचे पैसे, मजुरी, वीजबिल सारं आजच्या दरानं मांडलं, तर वर्षाला दीड लाख उरतात. बँकेचा व्याजदर 11 टक्के. मग दहाही वर्षांचे दीड-दीड लाख 11 टक्क्यांनी आजच्या मोलात आणले, म्हणजे जितकं वर्ष तितक्यांदा 1.11 नं भागले, तर बेरीज येते 8 लाख 83 हजार. म्हणजे 1 लाख 17 हजारांच्या आसपास तोटा, आणि गट मिलचा नाद सोडून देतो.

चूक इथंच झाली. बँकेच्या 11 टक्क्यांत महागाई आधीच धरलेली असते. आपले दीड लाख मात्र दहाव्या वर्षीही आजच्याच भावाचे. 11 टक्के लावून महागाई मिळकतीतून कापली, पण मिळकत महागाईनं वाढवलीच नाही.

महागाई 5 टक्के धरू. कागद-पेन घ्या. 1.11 ला 1.05 नं भागा, 1.057 येतात. म्हणजे महागाई वगळून खरा दर 5.7 टक्के. नुसते 11 वजा 5 केले तर 6 येतात. अंदाजाला ते चालतं, पण भागाकारच बरोबर. या दरानं तेच दीड लाख मोजले की बेरीज होते 11 लाख 19 हजार. तोटा कसला, 1 लाख 19 हजारांचा फायदा आहे!

दुसरी वाटही तितकीच बरोबर. मिळकत दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढवा आणि दर 11 च ठेवा. पहिल्या वर्षाचंच बघा: 1 लाख 57 हजार 500 भागिले 1.11, उत्तर सुमारे 1 लाख 41 हजार 900. दीड लाख भागिले 1.057, उत्तर तेवढंच. दोन्ही वाटांनी आकडे जुळले नाहीत, तर कुठंतरी सरमिसळ झाली समजा.

उलटी सरमिसळ जास्त धोक्याची. वाढवलेली मिळकत 5.7 टक्क्यांनी मोजली, तर बेरीज साडेचौदा लाखांच्या जवळ जाते. अशा हिशेबावर कर्ज काढलं, तर गट पस्तावतो.

कुणी प्रकल्प अहवाल दिला, तर आधी दहाव्या वर्षाची ओळ काढा. क्विंटलमागे भरडाईचा दर पहिल्या वर्षाइतकाच आहे का? असेल, तर तो आजच्या भावाचा अहवाल आहे, त्याला 11 टक्के लावू नका.

एक गोष्ट मात्र जपा. शेडचं भाडं करारानं 10 वर्षं 20 हजारच ठरलं असेल, तर ते महागाईनं वाढत नाही. आजच्या भावाच्या हिशेबात ते दरवर्षी 1.05 नं भागून घटवत जायला हवं. दहाव्या वर्षी ते सव्वाबारा हजारांइतकंच भरतं. मजुरी मात्र महागाईपेक्षा वेगानं वाढेल असं वाटत असेल, तर तेवढी जादा वाढ आजच्या भावाच्या हिशेबातही धरावीच लागते.