दोन पगार, दोन फॉर्म १६ आणि आयकराची मागणी

श्रोते हो, नमस्कार. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माझ्याकडे हातात दोन फॉर्म १६, म्हणजे दोन कंपन्यांनी दिलेले पगाराचे आणि कापलेल्या कराचे दाखले, घेऊन येणारे कितीतरी तरुण असतात. त्यांतल्याच एकाचा हिशोब आज मी आपल्यासमोर मांडणार आहे.

हा तरुण २०२४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत जालन्यातील एका कारखान्यात महिना ५५,००० रुपयांवर होता आणि ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत वाळूजमधील एका कंपनीत ८०,००० रुपयांवर. त्याने नवी करप्रणाली घेतली होती. त्या वर्षी या प्रणालीत पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत होती आणि करपात्र उत्पन्न सात लाखांपर्यंत असेल, तर सवलतीमुळे कर शून्य होत होता. जालन्याच्या कारखान्याने वर्षभराचा पगार ६,६०,००० रुपये धरला आणि कर कापला नाही. वाळूजच्या कंपनीने फक्त आपल्याकडचे सहा महिन्यांचे ४,८०,००० रुपये धरले आणि तिनेही कापला नाही. दोघांचे हिशोब आपापल्या जागी बरोबर होते.

"साहेब, दोन्हीकडे टॅक्स शून्य आहे, मग मी भरायचं कशाचं?" असे तो मला म्हणाला. त्याचा प्रश्न रास्त होता. पण कर नोकरीवर नव्हे, माणसाच्या वर्षभराच्या उत्पन्नावर लागतो. जालन्याचे ३,३०,००० आणि वाळूजचे ४,८०,००० मिळून ८,१०,००० रुपये होतात. दोन्ही फॉर्म १६ मध्ये वजावट दाखवलेली असली, तरी ती एका माणसाला एकदाच मिळते. म्हणून करपात्र उत्पन्न ७,३५,००० रुपये. सात लाखांची मर्यादा ओलांडली गेली आणि ती सवलत हातची गेली. तीन ते सात लाखांवर पाच टक्क्यांनी २०,०००, वरच्या ३५,००० वर दहा टक्क्यांनी ३,५०० आणि त्यावर चार टक्के उपकर धरून कर झाला २४,४४० रुपये. आगाऊ कर न भरल्याचे व्याज धरून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ही रक्कम २७,१३० रुपयांवर गेली.

नव्या नोकरीत रुजू होताना त्याने फॉर्म १२बी भरून आधीचा पगार कंपनीला कळवला असता, तर हाच कर सहा महिन्यांत थोडा थोडा कापला गेला असता आणि व्याजही लागले नसते. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून सवलतीची मर्यादा बारा लाखांवर गेली आहे. त्यामुळे ही अडचण आता त्यापेक्षा मोठ्या एकत्रित पगाराला येते, पण तिचे कारण तेच आहे.

त्याने दोन्ही पगार दाखवून रिटर्न भरले, पैसेही भरले आणि तरीही काही आठवड्यांनी ई-मेलवर आयकर विभागाची कलम १४३(१) ची, म्हणजे रिटर्न तपासून झाल्यावर येणारी, सूचना आली, तीत जवळपास सगळ्या रकमेची मागणी होती. घरातले सगळे घाबरले. अशी सूचना आली की आधी ती खरी आहे का, हे incometax.gov.in वर तिचा क्रमांक टाकून तपासावे. नंतर तिच्यातले दोन रकाने ओळीने वाचावेत. एकात आपण भरलेले आकडे असतात, दुसऱ्यात विभागाने धरलेले. या तरुणाचे उत्पन्न आणि कर दोन्ही रकान्यांत सारखेच होते. फरक एकाच ओळीत होता: स्वतः भरलेला कर, आपल्याकडे २७,१३० आणि विभागाकडे शून्य.

मी त्याच्याकडून चलनाची पावती मागवली. तिच्यावर निर्धारण वर्ष, म्हणजे कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचे, तिचा कर ठरवण्याचे वर्ष, २०२४-२५ होते. पगार २०२४-२५ या आर्थिक वर्षातला, म्हणून त्याने तेच निवडले होते. पण त्या पगाराचे निर्धारण वर्ष २०२५-२६ असते. ही चूक मी फार वेळा पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण माणसाने पैसे प्रामाणिकपणे भरलेले असतात.

अशा वेळी घाबरून पुन्हा पैसे भरू नयेत. आम्ही पोर्टलवर Response to Outstanding Demand मध्ये मागणी मान्य नसल्याचे नोंदवून चलनाचा तपशील दिला. चलनातील वर्ष पोर्टलवरून स्वतः दुरुस्त करण्याची मुदत भरणा केल्यापासून सातच दिवसांची असते आणि ती टळून गेली होती. त्यामुळे पावतीची प्रत जोडून आपल्या निर्धारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागला. वर्ष दुरुस्त झाल्याचे दिसल्यावरच Rectification मधून रिटर्नच्या फेरप्रक्रियेची विनंती केली. ती आधी केली असती, तर यंत्रणेला पुन्हा शून्यच दिसले असते. त्यानंतर आलेल्या दुसऱ्या सूचनेत दोन्ही रकान्यांत २७,१३० हाच आकडा होता आणि मागणी शून्य होती.