फलकावरचा आकडा

(दृश्य : मुंबईतला पेट्रोल पंप. भावफलकावर कॅमेरा स्थिर.)

मार्च २०२२. मुंबईतल्या पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे. हाच आकडा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून इथे आहे. दिवाळी झाली, संक्रांत झाली, फलक हलला नाही.

मधल्या काळात रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ७ मार्चला लंडनच्या बाजारात ब्रेंट, म्हणजे जगभर भावाचा मापदंड मानलं जाणारं कच्चं तेल, काही वेळ पिंपामागे १३९ डॉलरला पोहोचलं. भारत तेव्हा आपल्या गरजेच्या सुमारे ८५ टक्के तेल बाहेरून आणत होता. तरीही फलकावर ९४ रुपये १४ पैसे.

मग वाढलेले पैसे भरत होतं कोण?

(दृश्य : तेलवाहू जहाज, बंदरातली धक्क्यावरची नळी.)

आधी हिशेब मांडू. तेलाचं एक पिंप म्हणजे १५९ लिटर. आपल्या रिफायनऱ्या जी वेगवेगळी तेलं घेतात, त्यांच्या सरासरी भावाला भारतीय बास्केट म्हणतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो साधारण ८१ डॉलर होता, मार्च २०२२ मध्ये ११३. पण हा भाव डॉलरमध्ये असतो, आणि ते डॉलर रुपये देऊन घ्यावे लागतात. नोव्हेंबरात डॉलर साडेचौऱ्याहत्तर रुपयांना होता, मार्चमध्ये शहात्तरच्या पुढे. म्हणजे एका पिंपाला आधी सहा हजार रुपये लागत होते, आता आठ हजार सहाशे. लिटरमागे सुमारे सोळा रुपयांचा फरक, आणि यात शुद्धीकरण, वाहतूक, कर काहीच धरलेलं नाही.

रुपयाचा हा भाग आपण नेहमी विसरतो. जुलै २००८ मध्ये तेल १४७ डॉलरला गेलं होतं, तो आकडा अजूनही विक्रम म्हणून सांगितला जातो. पण तेव्हा डॉलर ४३ रुपयांना होता. पिंप पडलं सुमारे ६,३०० रुपयांना. जून २०२२ मध्ये भारतीय बास्केट ११६ डॉलर, डॉलर ७८ रुपयांना. पिंप नऊ हजारांच्या वर. विक्रम लंडनमध्ये मोडला नाही, मुंबईत मोडला.

(दृश्य : पंपावर बसगाड्यांची रांग.)

आता त्या न हललेल्या फलकाकडे परत. डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ पासून कागदोपत्री मुक्त आहेत. कंपन्यांनी रोज बदलायचे. पण इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्या साडेचार महिने गप्प बसल्या. त्याच काळात पाच राज्यांत विधानसभेच्या निवडणुका होत्या. ज्याने त्याने आपला अर्थ काढावा.

खरा भाव मात्र एका ठिकाणी उघडा पडला. टँकरने घाऊक डिझेल घेणाऱ्यांसाठी, म्हणजे बसडेपो, कारखाने, मॉल यांच्यासाठी, दर वेगळा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो मुंबईत १२२ रुपये ५ पैसे झाला. एकाच शहरात, एकाच दिवशी, त्याच डिझेलला जवळपास २८ रुपयांचा फरक. व्हायचं तेच झालं. मोठ्या ग्राहकांनी टँकर मागवणं थांबवलं आणि गाड्या थेट पंपावर उभ्या केल्या. ज्या डिझेलवर तोटा होत होता, त्याचीच विक्री वाढली.

फरक सोळाऐवजी अठ्ठावीस का? कारण डिझेल म्हणजे कच्चं तेल नव्हे. युरोपला रशियाचं डिझेल मिळेल की नाही या भीतीने तयार डिझेलचा जागतिक भाव कच्च्या तेलापेक्षा जोरात पळाला. वर राज्याचा व्हॅट टक्केवारीत, भाव वाढला की तोही वाढतो.

२२ मार्चला फलक हलला. सोळा दिवसांत चौदा वेळा. डिझेल १०४ रुपये ७७ पैशांवर गेलं आणि पुन्हा थांबलं. एवढ्याने भागणार नव्हतं. एप्रिल ते जून या एकाच तिमाहीत तिन्ही कंपन्यांचा मिळून तोटा सुमारे साडेअठरा हजार कोटी रुपये. गाडीवाल्याने जे पंपावर भरलं नाही, त्यातला मोठा वाटा इथे जमा झाला होता. या कंपन्यांमध्ये सरकारची मोठी मालकी आहे, म्हणजे फिरून तो आपल्याच खिशाशी येतो.

(दृश्य : रंगाचे डबे, भिंतीवर फिरणारा रोलर.)

फलक गोठवण्याची सोय प्रत्येक धंद्याला नसते. रंगाचं उदाहरण घ्या. डब्यातली द्रावकं, रंग भिंतीला धरून ठेवणारी रसायनं, स्वतः प्लॅस्टिकचा डबा, सगळ्याचं मूळ खनिज तेलात. युद्धाच्या आधीच, जुलै ते सप्टेंबर २०२१ मध्ये, एशियन पेंट्सची विक्री वर्षभरापूर्वीपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने वाढली. नफा मात्र सुमारे २९ टक्क्यांनी घटला, ८५२ कोटींवरून ६०५ कोटींवर. माल धडाक्यात खपतोय आणि पैसा उरत नाही, हे असं दिसतं. कच्चा माल आजच्या भावाने येतो, डब्याची किंमत मात्र टप्प्याटप्प्याने चढवावी लागते. त्या वेळी मोठी दरवाढ सणासुदीनंतर झाली. भाव उतरताना उलटं होतं, डबा महाग राहतो आणि माल स्वस्त येतो. म्हणून अशा कंपनीची एकच तिमाही पाहून मत बनवू नये.

(दृश्य : दलाल स्ट्रीट, लाल आकड्यांचा पडदा.)

शेअर बाजार एवढी वाट पाहत नाही. ब्रेंट १३९ ला टेकलं त्याच दिवशी सेन्सेक्स १,४९१ अंकांनी पडला. तिमाहीचे निकाल अजून कुठेच नव्हते. बँका, वाहन कंपन्या, रंग कंपन्या घसरल्या. ओएनजीसी मात्र वधारली. ती तेल जमिनीतून काढते, तिच्यासाठी हा विक्रीचा भाव. पण तिचा आनंदही पुरता टिकला नाही. १ जुलैला सरकारने देशात निघणाऱ्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये जादा कर लावला आणि शेअर एका दिवसात दहा टक्क्यांहून अधिक आपटला.

(दृश्य : किराणा दुकान, तेलाची पिशवी.)

आणि महागाई? एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्के, घाऊक पंधरा टक्क्यांच्या वर. सगळा दोष पेट्रोलचा नाही. किरकोळ निर्देशांकात पेट्रोल-डिझेलचा थेट वाटा तेव्हा अडीच टक्क्यांच्याही आत होता. युक्रेनहून येणारं सूर्यफूल तेल थांबलं होतं, खाद्यपदार्थ तापले होते. डिझेल तिथे ट्रकच्या भाड्यातून, हळूहळू शिरतं. रिझर्व्ह बँकेने ४ मे रोजी, ठरलेल्या बैठकीची वाट न पाहता, रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केला. घराचा हप्ता वाढला. तेलाच्या त्या पिंपाचा एक तुकडा तिथेही पोहोचला.

(दृश्य : तोच पंप, तोच फलक.)

केंद्राने मे महिन्यात आणि राज्याने जुलैत कर कमी केले, तेव्हा मुंबईत डिझेल ९४ रुपये २७ पैशांवर आलं. मग फलक पुन्हा गोठला. या वेळी कारण उलटं होतं. बास्केट ऐंशी डॉलरच्या आसपास उतरलं, पंपावर काही उतरलं नाही. २०२३-२४ मध्ये त्याच तीन कंपन्यांचा नफा सुमारे ८१ हजार कोटी रुपये झाला. १५ मार्च २०२४ ला, लोकसभा निवडणुकीची घोषणा होण्याच्या आदल्या दिवशी, फलक हलला. डिझेल ९२ रुपये १५ पैसे.