चोवीस टाक्या, एकच कोड

[दृश्य: पहाटेचा सेलार. स्टीलच्या टाक्यांच्या दोन रांगा. टाकीवर रंगवलेला आकडा, ७.]

नाशिक जिल्ह्यातली ही एक वायनरी. जानेवारी ते मार्च द्राक्षं येतात आणि त्या दिवसांत इथं कोणाला धड झोप नसते. टाक्या आहेत चोवीस, सगळ्या एकाच मापाच्या. प्रत्येकीला एक आरटीडी, म्हणजे तापमानाचा सेन्सर, बाहेरून थंड ग्लायकॉल फिरणारं जॅकेट, आणि त्या जॅकेटवर एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह. रस आंबायला लागला की यीस्ट स्वतःच गरमी तयार करतं, म्हणून व्हाइट वाइन साधारण १२ ते १८ अंशात ठेवायची. गरम झाली टाकी की व्हॉल्व्ह उघडायचा, थंड झाली की बंद करायचा, काम एवढंच. फक्त ते चोवीस वेळा करायचंय.

मी इथं पीएलसीचं, म्हणजे हे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरचं, काम बघतो. पहिल्यांदा आलो तेव्हा जुन्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम उघडला तर एका टाकीचा लॉजिक चोवीस वेळा कॉपी-पेस्ट केलेला. लॅडरची पायरी, ज्याला आम्ही रंग म्हणतो, तीच ती, नुसता टाकीचा नंबर बदललेला. आणि सतरा नंबरच्या टाकीत एका ठिकाणी तो नंबर बदलायचाच राहिलेला! म्हणजे सतराचं तापमान सोळाच्या सेटपॉइंटशी, म्हणजे सोळाला हव्या असलेल्या तापमानाशी, ताडून बघितलं जात होतं. दोन्ही टाक्यांत सारखीच वाइन असायची तोवर कोणाला पत्ताच नाही, एकीत रेड भरली तेव्हा बोंब झाली.

[दृश्य: लॅपटॉप, लॅडर खाली सरकत जातो, संपतच नाही.]

याच्यावर उपाय काही नवा नाही. एसएलसी ५०० या जुन्या पीएलसीवर सुद्धा असा पत्ता लिहिता यायचा:

```
N10:[N7:0]
```

म्हणजे N10 फाइलमधला कितवा शब्द घ्यायचा ते N7:0 मध्ये जो आकडा असेल तो ठरवणार. त्यात ७ असेल तर सातवा, ८ झाला की आठवा. पत्त्यात पत्ता. पोस्टमनला घर नंबर न देता सांगायचं की चौकातल्या फळ्यावर आज जो नंबर लिहिलाय त्या घरी जा, तसं. हेच इनडायरेक्ट अॅड्रेसिंग. भानगड एवढीच की तेव्हा तापमान N10 मध्ये, सेटपॉइंट N11 मध्ये, टायमर तिसरीकडेच, आणि सगळं एकाच टाकीचं आहे हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात. तो नोकरी सोडून गेला की ते डोकंही गेलं.

आम्ही जे केलं ते त्याच्या नंतरच्या लॉजिक्स प्रोसेसरवर. तिथं आधी टाकीचा साचा बनवायचा, युडीटी म्हणतात त्याला, आणि एका टाकीचं सगळं त्याच्यात घालायचं: PV म्हणजे आत्ताचं तापमान, SP म्हणजे हवं ते, OnAt म्हणजे कितीच्या वर गेलं की थंड करायला घ्यायचं, मग व्हॉल्व्ह, टायमर, आणि En म्हणजे ही टाकी वापरात आहे की नाही. मग त्या साच्याचा अॅरे घ्यायचा, `Tank[33]`. अॅरे शून्यापासून मोजतो, पण सेलारमधली माणसं एकपासून मोजतात, म्हणून शून्य नंबर मुद्दाम रिकामा सोडला. एक जागा वाया गेली तर गेली, पण टाकीवर ७ रंगवलंय आणि प्रोग्राममध्ये ६ आहे असला घोळ रात्री दोन वाजता फोनवर निस्तरायचा म्हणजे नको रे बाबा.

आता मेन रूटीनमध्ये एक ओळ:

```
FOR(R_Tank,i,1,NumTanks,1);
```

आणि R_Tank मध्ये एकाच टाकीचा लॉजिक, दोन रंग:

```
GRT(Tank[i].PV,Tank[i].OnAt)XIC(Tank[i].En)TON(Tank[i].Dly,?,?);
[XIC(Tank[i].Dly.DN),XIC(Tank[i].Valve)]GRT(Tank[i].PV,Tank[i].SP)XIC(Tank[i].En)OTE(Tank[i].Valve);
```

GRT म्हणजे पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा आहे का, XIC म्हणजे हा बिट चालू आहे का, TON म्हणजे टायमर आणि OTE म्हणजे निकाल चालू की बंद ते लिहिणं. वाचायचं असं: टाकी तीस सेकंद सलग OnAt च्या वर राहिली तर व्हॉल्व्ह उघड, आणि SP पर्यंत खाली येईतो उघडाच ठेव. i एकपासून चोवीसपर्यंत जातो आणि प्रत्येक स्कॅनला, म्हणजे पीएलसी प्रोग्राम वरपासून खालपर्यंत एकदा चालवतो तेवढ्यात, हा सगळा फेरा पूर्ण होतो.

[दृश्य: आरटीडीच्या वायरी, कार्डाचे टर्मिनल, फेरूलवर नंबर.]

पण वायरींना अॅरे माहीत नसतो. आरटीडीच्या एका कार्डावर सहाच चॅनल, म्हणजे चोवीस टाक्यांना चार कार्डं, स्लॉट ३ ते ६. आणि `Local:3` मधला तो ३ काही i ने फिरवता येत नाही, ते नावच तसं आहे. म्हणून एक वेगळं रूटीन, नुसते MOV, म्हणजे आकडा इथून उचलून तिथं ठेव:

```
MOV(Local:4:I.Ch0Data,Tank[7].PV);
```

असे चोवीस. इथं कॉपी-पेस्ट आहेच, चुकवता येत नाही, पण आता ती एकाच जागी आहे आणि वायरिंगच्या ड्रॉइंगशेजारी धरून बोट ठेवून तपासता येते. उद्या कार्डाचं एक चॅनल उडालं तर वायर दुसरीकडे हलवा, MOV ची एक ओळ बदला, लॉजिकला हात लावायचं काही काम नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण खरं शिकलो ते तिथंच.

पहिल्या वेळी मी टायमर साच्यात टाकलाच नव्हता. बाहेर एक टायमर केला, `Cool_Dly`, आणि लूपमध्ये तोच वापरला. लॉजिक एकच आहे ना, मग टायमरही एकच, असं काहीतरी तेव्हा डोक्यात असणार. टेस्टिंगला सगळ्या चोवीस टाक्यांच्या PV मध्ये ३० टाकलं, बरोबर तीस सेकंदांनी चोवीसही व्हॉल्व्ह उघडले, टाळ्या, चहा, सही.

सीझन सुरू झाला आणि एका रात्री नऊ नंबरची टाकी १५ ची १९ झाली. व्हॉल्व्ह बंदच. ऑपरेटर दादांनी हाताने उघडला म्हणून निभावलं.

[दृश्य: टायमरची विंडो. ACC मध्ये ०, मग १२, मग ०, मग ९, मग ०.]

झालं काय होतं बघा. लूप नऊ नंबरवर आला, टाकी गरम, टायमर चालू झाला. लगेच त्याच स्कॅनमध्ये लूप दहावर गेला, दहा थंड, म्हणजे रंग फॉल्स, आणि TON ला फॉल्स मिळाला की तो ACC, म्हणजे तोवर मोजलेला वेळ, शून्य करतो. म्हणजे नऊने मोजायला घेतलं की दहा पुसणार, प्रत्येक स्कॅनला, रात्रभर. चोवीसातली एक जरी टाकी थंड असेल तर तीस सेकंद कधीच भरत नाहीत. आणि टेस्टिंगला मी सगळ्या एकदम गरम केल्या होत्या, तिथं पुसणारं कोणी नव्हतंच! ओळखायची खूण हीच, टायमरचा ACC शून्याच्या आसपास थरथरत राहतो, वर चढतच नाही. कोड एक असला तरी आठवण ज्याची त्याची वेगळी लागते. टायमर, वन-शॉटचा बिट, मागच्या स्कॅनचं जे जे लक्षात ठेवायचं ते सगळं `Tank[i]` च्या आतच. तेव्हापासून टेस्टिंगला मी एकच टाकी गरम करतो, बाकीच्या थंड ठेवतो, मग दुसरी.

ही चूक शोधायला वेळ लागला त्याचं अजून एक कारण आहे. ऑनलाइन जाऊन R_Tank उघडला की स्क्रीनवर `Tank[i]` दिसतो, पण कोणती टाकी? त्या क्षणी i जो हाताला लागला तो. हिरवं दिसतंय ते नऊचं की चोवीसचं, काही कळत नाही. `Tank[9]` चा क्रॉस रेफरन्स, म्हणजे तो कुठं कुठं वापरलाय त्याची यादी, मारला तरी हा रंग त्यात येत नाही, कारण तिथं ९ लिहिलेलंच नाही. जुन्या कॉपी-पेस्टवाल्या प्रोग्राममध्ये हे सुख होतं, मान्य करायला पाहिजे. मेंटेनन्सवाले याच्यावरून कुरकुर करतात आणि त्यांचं काही चूक नाही.

म्हणून मी एक सोय केली. पॅनलच्या स्क्रीनवर टाकीचा नंबर टाका, त्या टाकीची सगळी माहिती एका बाजूच्या टॅगमध्ये कॉपी होईल, तिथं निवांत बघा:

```
COP(Tank[HMI_Sel],Dbg,1);
```

दोन आठवडे छान चाललं. मग एका पहाटे कोणीतरी घाईत २४ च्या ऐवजी २४० दाबलं.

[दृश्य: प्रोसेसरवरचा लाल दिवा, लुकलुकतोय.]

अॅरे ३२ ला संपतो. प्रोसेसरने २४० वी टाकी मागितली आणि तिथंच बसला, मेजर फॉल्ट, टाइप ४, कोड २०. एका बघण्याच्या सोयीपायी चोवीस टाक्यांचं कूलिंग बंद. त्याहून गंमत म्हणजे मी फॉल्ट क्लिअर करून परत रनला टाकला तर लगेच पुन्हा तोच फॉल्ट, कारण HMI_Sel मध्ये २४० तसाच बसलेला! आधी लॅपटॉपवरून तो आकडा बदलला, तेव्हा कुठे गाडी सुरू झाली. आता मध्ये दरवान बसवलाय:

```
LIM(1,HMI_Sel,NumTanks)MOV(HMI_Sel,Sel);
```

म्हणजे आकडा एक ते NumTanks च्या मध्ये असेल तरच आत सोडायचा, आणि COP मध्ये फक्त Sel. बाहेरून आलेला आकडा, मग तो माणसाने दाबलेला असो की दुसऱ्या मशीनने पाठवलेला, थेट चौकटी कंसात जाता कामा नये. पॅनलच्या स्क्रीनवर लिमिट लावलंय म्हणून भागत नाही, उद्या कोणी ती स्क्रीन नवीन बनवतं आणि लिमिट विसरतं.

[दृश्य: सेलारच्या टोकाला नवीन टाक्या, अजून प्लास्टिक गुंडाळलेलं.]

यंदा चार टाक्या वाढल्या. अॅरेचा आकार ऑनलाइन बदलता येत नाही, त्यासाठी प्रोग्राम डाउनलोड करावा लागतो, म्हणजे प्लांट थांबवा, आणि सीझनमध्ये ते शक्यच नाही. म्हणून तर पहिल्याच दिवशी २५ ऐवजी ३३ घेतले होते. नवीन कार्ड, चार MOV, चार व्हॉल्व्हची आउटपुटं, आणि NumTanks मध्ये २८. R_Tank ला हातही लावला नाही.

अठ्ठावीस नंबरचा आरटीडी अजून यायचाय. माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला, सर तोवर i अठ्ठावीस असेल तर रूटीनमधून वरच्या वर बाहेर पडूया ना. त्याला थांबवला. रंग स्कॅनच झाला नाही तर OTE शेवटचा जो असेल तोच राहतो, म्हणजे उद्या चालू टाकी मध्येच बंद केली आणि तेव्हा व्हॉल्व्ह उघडा असला, तर तो उघडाच राहणार आणि टाकी गार होत होत बसणार. म्हणून En हा दोन्ही रंगांच्या आत लिहिलाय, दारात नाही. लूप अठ्ठावीसवर दर स्कॅनला जातो, En शून्य बघतो, व्हॉल्व्ह बंद लिहितो आणि परत एकवर येतो.

[दृश्य: टाकी २८. व्हॉल्व्हचा दिवा बंद. शेजारी सत्तावीसचा व्हॉल्व्ह टक् करून उघडतो.]