स्क्वॅश की रिबेस: मेनवर शेवटी उरतं काय

माईक चालू आहे ना? बरं. विषय जाहीर केलाय "स्क्वॅश विरुद्ध रिबेस आणि बायसेक्ट", तर बायसेक्टवर येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं सांगू द्या, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही.

माझ्या दोन ब्रांच होत्या, एकीवर एक रचलेल्या. खालची `login-cleanup`, तीन कमिटची, आणि तिच्या टोकावरून काढलेली `login-audit`, दोन कमिटची. खालची रिव्ह्यूला दिली, वरचीवर काम चालू ठेवलं. खालची पास झाली, कोणीतरी स्क्वॅश बटण दाबलं, मीही खूश. मग मी वरच्या ब्रांचवर जाऊन निरागसपणे `git rebase main` मारलं आणि कॉन्फ्लिक्ट आला. कोणाशी? माझ्याशीच! मीच लिहिलेला कोड मीच लिहिलेल्या कोडशी भांडतोय, आणि गिट मला विचारतंय की दोघांपैकी खरं कोण (घरातलं भांडण असं चव्हाट्यावर).

झालं काय होतं ते बघा. मेनवर टाइमआउट 30 होता. माझ्या पहिल्या कमिटने तो 60 केला, रिव्ह्यूत कोणीतरी कुरकुर केली म्हणून तिसऱ्याने 45. स्क्वॅशने या तिघांचा एकच नवा कमिट करून मेनवर ठेवला, 30 चे थेट 45. माझे मूळ तीन कमिट मेनच्या वंशावळीत कुठेच नाहीत. त्यामुळे गिटच्या लेखी `login-audit` वर दोन नाही, पाच कमिट नवे आहेत, आणि ते पहिल्यापासून लावायला घेतं. पहिला म्हणतो "30 काढ, 60 टाक", पण तिथे तर 45 बसलाय. अशा चार-पाच जागा होत्या आणि मी दुपारभर त्या हाताने सोडवत बसलो.

इथे रिबेस मर्ज केलं असतं तर? तिन्ही कमिट वेगवेगळे मेनवर गेले असते, नवे हॅश घेऊन, पण प्रत्येकातला बदल तोच. रिबेस करताना गिट बदलांची तुलना करतं, तोच बदल मेनवर दिसला की तो कमिट गाळून टाकतं. स्क्वॅशमध्ये तीनाचा एक झालेला असतो, त्यामुळे जोडी जुळत नाही. ब्रांचवर एकच कमिट असेल तर मात्र स्क्वॅशनंतरही सहसा जुळते, म्हणूनच हा त्रास काहींना कधीच भेटत नाही आणि ते आपल्याला "तुझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणतात. हसताय ते बरोबर, तुमच्यातही आहेत ते.

उपाय एका ओळीचा आहे. आधी अडकलेला रिबेस `git rebase --abort` ने सोडा, मग गिटला सांगा की फक्त वरचे दोनच माझे:

```
git rebase --onto main HEAD~2
```

किती वेळ राहिला? पाच मिनिटं? अरे देवा, बायसेक्ट अजून सुरूच नाही झालं.

तर पटकन. या गोष्टीवरून वाटेल मी रिबेसवाला आहे, पण तसं नाही. बहुतेक ठिकाणी सीआय चालतो तो पुल रिक्वेस्टच्या टोकावर, मधल्या कमिटवर नाही. रिबेस मर्जने ते मधलेही मेनवर येतात, "wip" आणि "आता तरी चाल" नावाचे, त्यातले काही कंपाइलसुद्धा होत नाहीत. सहा महिन्यांनी बायसेक्ट नेमकं त्यावर उतरतं. तुमची स्क्रिप्ट अशा वेळी 125 परत देत असेल तर `git bisect run` तो कमिट वगळतं, नाहीतर त्यालाच खराब समजून भलतीकडे जातं. आणि मोडके कमिट खऱ्या दोषी कमिटला लागूनच असले की शेवटी हातात एक कमिट येत नाही, "यापैकी कुठलाही असेल" अशी यादी येते. म्हणून रिबेस मर्जच्या आधी ब्रांचवर हे चालवा, प्रत्येक कमिटनंतर टेस्ट होते आणि फसली तिथेच थांबतं:

```
git rebase -x 'make test' main
```

स्क्वॅशमध्ये बायसेक्ट शांतपणे एका कमिटवर बोट ठेवतं, फक्त तो कमिट चौदाशे ओळींचा असू शकतो, पुढचं शोधणं तुमच्याकडे. रिव्हर्ट मात्र एका फटक्यात. रिबेसमध्ये पाच कमिट उलटवायचे, आणि कुठले पाच एका पुल रिक्वेस्टचे होते ते मेनच्या सरळ रेषेत दिसत नाही.

मी स्वतः मधले कमिट टेस्ट पास करत असतील तर रिबेस, नाहीतर स्क्वॅश, आणि ब्रांचवर ब्रांच रचलेली असेल तर बटण दाबणाऱ्याला आधी फोन. हो हो, घंटा ऐकली, उतरतो.