जकात गेली, पण हमी कुणी कुणाला दिली?

(मुलुंड चेक नाका, ठाण्याच्या बाजूने. मागे वाहतूक.)

नमस्कार मंडळी. मागे बघा, गाड्या कशा सरळ निघून चालल्यात. २०१७ च्या जूनपर्यंत हे चित्र नव्हतं. मुंबईत माल न्यायचा तर इथे जकात भरावी लागायची. माझे मामा भिवंडीहून कापडाचे तागे घेऊन यायचे. टेम्पो रांगेत लावायचा, कागद दाखवायचे आणि दोन चहा संपले तरी नंबर यायचा नाही. ठाण्यात जकात आधीच गेली होती, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि दोन्ही संपले.

टेम्पोवाला सुटला. पण महापालिकेचं काय? रस्ता झाडायला, दवाखाना चालवायला जो पैसा रोज हातात येत होता, तो एका रात्रीत बंद झाला. आजचा विषय तोच आहे. स्वतःचा कर सोडून देणाऱ्याला बदल्यात काय मिळतं, आणि ते मिळेल याची खात्री कुठे लिहिलेली असते?

(ठाणे-बेलापूर रस्ता, एमआयडीसी.)

आधी राज्याची भीती समजून घेऊ. हा नवी मुंबईचा टीटीसी औद्योगिक पट्टा. समजा, इथे तयार झालेला पंप लखनौला विकला गेला. जुन्या पद्धतीत त्यावर केंद्रीय विक्री कर लागायचा आणि तो माल जिथून निघाला त्या राज्याला मिळायचा. जीएसटीत उलटं आहे. माल जिथे वापरला जातो, तिथल्या राज्याला त्याचा राज्य-वाटा मिळतो. कारखाना आमच्याकडे, धूर आमच्याकडे, ट्रकने उखडलेला रस्ताही आमच्याकडे, आणि कर उत्तर प्रदेशात. महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडू ही माल बनवणारी राज्यं म्हणूनच जीएसटीला बिचकत होती.

त्यात एक जुनी जखम होती. हाच केंद्रीय विक्री कर आधी ४ टक्के होता. २००७ मध्ये तो ३ आणि २००८ मध्ये २ टक्क्यांवर आणला. केंद्राने राज्यांना सांगितलं, नुकसान भरून देतो. काही वर्षं दिलं, पुढे हात आखडता घेतला आणि राज्यं थकबाकी मागत बसली. एकदा ताक पोळलेला माणूस... नाही, दुधाने पोळलेला ताकही फुंकून पितो. जीएसटीच्या वेळी राज्यं म्हणाली, आता शब्दावर नाही, कायद्यात लिहून द्या.

राज्यांकडे हे म्हणण्याची ताकदही होती. जीएसटीसाठी घटनादुरुस्ती लागणार होती आणि किमान निम्म्या विधानसभांनी तिला मान्यता द्यायला हवी होती. सही करायची बाकी होती, तोवर भाव त्यांच्या हातात होता. म्हणून सौदा मोठा झाला. २०१५-१६ चं उत्पन्न पाया धरायचं, ते दरवर्षी १४ टक्क्यांनी वाढलं असं मानायचं, आणि प्रत्यक्षात कमी पडेल तेवढं केंद्राने पाच वर्षं भरून द्यायचं.

१४ टक्के म्हणजे किती? १०० रुपयांपासून सुरू करा. पाच वर्षांनी ते साधारण १९२ होतात. समजा, राज्याचं उत्पन्न प्रत्यक्षात ९ टक्क्यांनीच वाढलं, तर १५४ होतात. मधल्या ३८ रुपयांची जबाबदारी केंद्राची. माझ्या मते हा आकडा अर्थशास्त्राने ठरवलेला नव्हता, राज्यांना 'हो' म्हणायला लावणारा तो भाव होता.

(कॅमेऱ्याकडे जवळून.)

आता गंमत ऐका. हे ३८ रुपये कुठून येणार? कायद्यात त्यासाठी वेगळा निधी आहे आणि तो भरायला गाड्या, सिगारेट, पान मसाला, कोळसा अशा गोष्टींवर वेगळा उपकर लावला होता. निधी रिकामा झाला तर काय, हे मात्र स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. ना गाड्या विकल्या, ना उपकर आला, आणि राज्यांची तूट फुगली.

जीएसटीचे निर्णय केंद्र आणि राज्यं मिळून जीएसटी परिषदेत घेतात. तिच्या ऑगस्टच्या बैठकीत केंद्राने ही 'देवाची करणी' असल्याचं सांगितलं आणि दोन पर्याय ठेवले. राज्यांनी ९७ हजार कोटी कर्ज काढावं, किंवा २ लाख ३५ हजार कोटींची पूर्ण तूट कर्जातून भरावी. नीट ऐका, दोन्ही पर्यायांत कर्ज राज्यांनीच काढायचं होतं. पहिल्या आकड्यात फक्त जीएसटीमुळे आलेली तूट होती, दुसऱ्यात कोविडचीही. कायदा असा फरक करतच नाही, असं केरळसारखी राज्यं म्हणत राहिली. ऑक्टोबरमध्ये केंद्र मागे आलं आणि १ लाख १० हजार कोटी स्वतः उचलून राज्यांना दिले. फेड त्याच उपकरातून व्हायची होती, म्हणून २०२२ ला संपणारा उपकर मार्च २०२६ पर्यंत लांबवायचं ठरलं. म्हणजे गाडी घेणाऱ्याने त्या भांडणाचा हप्ता भरला.

परिषदेत मतदान का झालं नाही, असं विचाराल. तिथे केंद्राकडे एक तृतीयांश मतं आहेत, सगळ्या राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. सगळी राज्यं एकत्र आली तरी केंद्राशिवाय काही होत नाही. केंद्राला मत असलेल्या ३१ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांपैकी २० सोबती लागतात, म्हणजे १२ अडून बसले तर केंद्रही थांबतं. आणि महाराष्ट्राचं मत गोव्याच्या मताएवढंच! त्यामुळे खरी घासाघीस मतदानाच्या आधीच होते.

(पुन्हा चेक नाका.)

आता परत इथे येऊ, कारण हाच खेळ एक पायरी खाली झाला. राज्याने केंद्राकडून हमी लिहून घेतली, तर महापालिकांनी राज्याकडून. २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेची निवडणूक शिवसेना आणि भाजप वेगवेगळे लढले, ८४ आणि ८२ जागा. राज्यात मात्र दोघं एकाच सरकारात. सेनेचा आग्रह एकच होता, मुंबईचा जकातीचा पैसा मंत्रालयाच्या मर्जीवर नको. मे महिन्याच्या विशेष अधिवेशनात कायदा झाला. महापालिकांना दर महिन्याला भरपाई, आणि दरवर्षी त्यात ८ टक्के वाढ. ५ जुलैला पहिला ६४७ कोटींचा धनादेश अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी मुंबई महापालिकेला दिला.

दोन हमींची गणितं आता शेजारी ठेवा. केंद्राची राज्याला हमी १४ टक्क्यांची, पाच वर्षांची. राज्याची पालिकांना ८ टक्क्यांची. वरून १४ येत होते तोवर राज्याला खाली ८ देणं जड नव्हतं. ३० जून २०२२ ला वरची हमी संपली. खालची चालू राहिली आणि मुंबईची २०२५-२६ ची भरपाईची रक्कम १४ हजार कोटींच्या पुढे आहे. ते पैसे आता राज्य स्वतःच्या खिशातून काढतं.

तिसरा अंक अलीकडचा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर कमी झाले. विरोधी पक्षांच्या आठ राज्यांनी पुन्हा भरपाई मागितली. या वेळी कुणाच्या सहीची गरज उरली नव्हती, घटनादुरुस्ती केव्हाच झाली होती. दर कमी झाले, लेखी हमी मिळाली नाही.

(एक ट्रक न थांबता पुढे जातो. कॅमेरा बंद.)