व्हीलूकअपचा सहा मिनिटांचा व्हिडिओ

(दृश्य: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर क्लासची रिकामी खोली. सकाळ. पंखा बंद.)

पंखा मुद्दाम बंद ठेवलाय. खिडकी पण लावून घेतलीय, कारण थोड्या वेळानं खाली रिक्षा आणि वडापची गडबड सुरू झाली की माईक ते सगळं उचलतो. मॅडमना आज एक्सेलमधला VLOOKUP, म्हणजे कोडवरून यादीतला दर शोधून देणारा फॉर्म्युला, रेकॉर्ड करायचाय, सहा मिनिटांचा धडा. बघणारी पोरं बीकॉमची, आणि त्यातली बरीचशी तो मोबाईलवर बघणार, तेही मोबाईल उभा धरूनच.

आता हा उभा मोबाईल म्हणजेच सगळ्या कामाची मेख हाय. लॅपटॉपची १५.६ इंची स्क्रीन साधारण साडेचौतीस सेंटीमीटर रुंद असते आणि उभ्या मोबाईलवर तेच चित्र जेमतेम सात सेंटीमीटरमध्ये बसवायचं, म्हणजे प्रत्येक अक्षर पाचपट बारीक होणार. मॅडमच्या लॅपटॉपवर जे स्वच्छ दिसतंय ते पोरांना मुंगीएवढं.

(दृश्य: एक्सेलची शीट. चपलांची दरयादी.)

धड्यासाठी यादी घेतलीय चप्पल लाईनीतल्या दुकानात असते तशी. A कॉलममध्ये कोड, B मध्ये प्रकार, म्हणजे कापशी, कुरुंदवाडी वगैरे, आणि C मध्ये दर. चाळीस ओळी, A2 पासून C41 पर्यंत. बाजूला E मध्ये बिलावरचे कोड, आणि F मध्ये त्यांचे दर आपोआप यायला पाहिजेत.

रेकॉर्डिंगच्या आधी मॅडम शीटचा झूम वाढवत्यात, कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवायचं. सेल मोठे झाले, पण वर बघा, फॉर्म्युला बार होता तेवढाच राहिला, रिबन पण तशीच. एक्सेलचा झूम फक्त शीटला लागतो आणि आपला धडा तर फॉर्म्युल्याचाच हाय! म्हणून मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन Scale १५० टक्के केला, त्यानं सगळंच मोठं होतं आणि अक्षरांच्या कडा पण धारदार राहतात. स्क्रीनवर मावतं कमी, पण या धड्याला तेवढं पुरतं.

रेकॉर्डिंग ओबीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, फुकटात मिळतं. त्यात फक्त एक्सेलची खिडकी पकडायची सोय हाय, Window Capture, आणि अख्खी स्क्रीन पकडायची पण, Display Capture. पहिली सोय बरी वाटते, पण माऊस कुठं हाय ते दाखवायला कर्सरभोवती जे पिवळं वर्तुळ घ्यायचं, ते तिच्यात येत नाही. कारण ते वर्तुळ पॉवरटॉईज नावाचं दुसरंच सॉफ्टवेअर स्क्रीनच्या वरच्या थरात काढतं, ते एक्सेलच्या खिडकीचा भागच नव्हे. म्हणून अख्खी स्क्रीन घ्यायची आणि व्हॉट्सॲपची नोटिफिकेशन आधी बंद करायची, नाहीतर घरचे निरोप पण धड्यात.

(दृश्य: कर्सर सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्याशी.)

विंडोज, शिफ्ट आणि H दाबलं की ते वर्तुळ, म्हणजे हायलाईट, चालू. डावं क्लिक पिवळं, उजवं निळं. एक्सेलमध्ये याची गरज जास्तच, कारण तिथला कर्सर म्हणजे पांढरा अधिकचा चिन्ह आणि शीट पण पांढरी, मोबाईलवर तो हरवूनच जातो.

पण एक भानगड हाय. फॉर्म्युला खाली ओढायचा असतो तेव्हा सेलच्या कोपऱ्यावर कर्सर बदलून बारीक काळा अधिक होतो, आणि पोरांना नेमका तोच बदल दिसला पाहिजे. पिवळं वर्तुळ गडद असलं की त्याखाली सेलचा कोपराच झाकला जातो. मॅडमनी वर्तुळ मोठं केलं पण रंग एकदम फिका ठेवला, मागचं सगळं दिसंल इतपत. शिवाय कोपऱ्यावर आल्यावर लगेच क्लिक करायचं नाही, हात दोन सेकंद तसाच थांबवायचा.

आता बोलणं. मॅडमचा नियम साधा, आधी सांगायचं मग करायचं. "आता F2 सेलवर क्लिक करणार हाय बघा," हे तोंडातून बाहेर पडलं की मगच माऊस हलतो. आपण बरेचजण उलटं करतो, क्लिक होऊन गेल्यावर म्हणतो "हितं क्लिक केलं", आणि तोवर मेनू उघडून मिटलेला पण असतो.

(दृश्य: F2 सेल. फॉर्म्युला टाईप होतोय.)

```
=VLOOKUP(E2,$A$2:$C$41,3,FALSE)
```

मॅडम एकेक तुकडा बोलत टाईप करतायत. काय शोधायचं, E2. कुठं शोधायचं, A2 ते C41. आणि इथं त्या थांबतात. "आता कीबोर्डवरचं F4 दाबायचं. काही लॅपटॉपवर नुसतं दाबून होत नाही, Fn धरून F4 दाबा." माऊसला वर्तुळ हाय, कीबोर्डला काहीच नाही. बघणाऱ्याला नुसते डॉलर उगवलेले दिसतात, कुठून आले कळत नाही, त्यामुळं प्रत्येक की तोंडानं सांगायला लागते.

मग डॉलर नसताना काय होतं ते पण त्या मुद्दाम दाखवत्यात. F2 मध्ये दर बरोबर येतो, पोरांना वाटतं जमलं. फॉर्म्युला खाली ओढला की यादी पण एकेक ओळ खाली सरकते, F9 मध्ये ती A9:C48 झालेली असते. E9 मध्ये यादीतल्या तिसऱ्या चपलेचा कोड हाय, तो ओळ ४ वर, म्हणजे शोधायच्या भागाच्या बाहेर गेला. उत्तर #N/A. यादीत माल हाय, फॉर्म्युला म्हणतो नाही.

(दृश्य: एडिटिंगची टाइमलाईन.)

हा F9 चा क्षण झूम करायचा. रेकॉर्डिंग १९२० बाय १०८० चं आणि शेवटचा व्हिडिओ १२८० बाय ७२० चा काढायचा असला, तर दीडपट झूम केला तरी अक्षरं फाटत नाहीत, कारण तेवढे पिक्सेल मुळात होतेच. त्याच्या पुढं गेलात की धुरकट व्हायला सुरुवात. सुरुवातीला एक कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणी झूम किती ते ठरवणारी खूण, साधारण सेकंदभरानं दुसरा, आणि मग वाक्य संपेपर्यंत चित्र हलवायचंच नाही. कर्सरच्या मागं मागं झूम पळवला की बघणाऱ्याचं डोकं गरगरतं.

रेकॉर्डिंग करतानाच झूम करायला झूमइट पण मिळतं, वर्गात प्रोजेक्टरवर ते भारी चालतं. पण त्याच्या Ctrl+1 झूममध्ये स्क्रीनचं स्थिर चित्र मोठं होतं, तेव्हा एक्सेलमध्ये टाईप करता येत नाही, त्यासाठी Ctrl+4 वापरावं लागतं. आणि एक्सेलमध्ये Ctrl+1 म्हणजे Format Cells, ते झूमइट चालू असताना उघडतच नाही. धडा फॉरमॅटिंगचा असला तर ही शॉर्टकट आधी बदलून घ्या.

फाईल ओबीएस मध्ये एमकेव्ही ठेवलीय. मध्येच लाईट गेली आणि लॅपटॉप बंद पडला तरी तोवरचं रेकॉर्डिंग वाचतं, नंतर Remux Recordings मधून एमपीफोर करून घ्यायचं.

(दृश्य: एक विद्यार्थी, हातात मोबाईल, समोर कॉम्प्युटर.)

व्हिडिओ ग्रुपवर टाकायच्या आधी एका पोराला बसवलंय. मोबाईल उभा, ब्राईटनेस निम्मा, आणि बघत बघत समोरच्या कॉम्प्युटरवर तेच करायचं. मॅडम काहीच बोलत नाहीत, तो कुठं मागं घेतोय तेवढं टिपतायत. F4 ला अडला नाही. कोपरा धरून ओढायच्या जागी मात्र दोनदा मागं गेला, म्हणून तेवढ्या तुकड्याला पण आता दीडपट झूम लागतोय.